हँडओव्हर लॉग: ४८० मिलिसेकंदांत ४० मीटर

या खेपेला एकाच प्रश्नामागे लागलो: ताशी ३०० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत कॉल तुटतो तो नेमका कोणत्या पायरीवर? मोडेमच्या डायग पोर्टवरून फोरजीचे आरआरसी, म्हणजे फोन आणि टॉवरमधली जोडणी सांभाळणारे, संदेश वाचता येतात, त्यामुळे सिग्नलच्या काड्या बघून तर्क करत बसावे लागत नाही.

शेजारचा सेल चालू सेलपेक्षा ठरलेल्या फरकाने, समजा ३ डेसिबलने, वरचढ झाला की ए३ची अट पुरी होते. पण फोन लगेच कळवत नाही. ती अट टाइम-टू-ट्रिगर ही ठरलेली मुदत संपेपर्यंत सलग टिकली, तरच मेजरमेंट रिपोर्ट जातो. मग जुना टॉवर नव्याकडे जागा मागतो आणि होकार आला की फोनला हँडओव्हरचा, म्हणजे सेल बदलण्याचा, आदेश देतो. पुढचे सोडणे-धरणे सुरळीत झाले तर साधारण ५० मिलिसेकंदांचे काम. आवाजाचे पॅकेट दर २० मिलिसेकंदांनी येते, म्हणजे दोन-तीन पॅकेटे उशिरा येतात आणि जिटर बफर ते सांभाळून घेतो. कानाला काही कळत नाही.

घोळ त्याआधी होतो. या वेगाने गाडी सेकंदाला ८३ मीटर कापते. टाइम-टू-ट्रिगर ४८० मिलिसेकंद असेल तर नुसत्या वाट पाहण्यात ४० मीटर गेले. आणि आदेश येणार तो जुन्या, विझत चाललेल्या सेलवरूनच! उघड्या माळावर हे खपून जाते. बोगद्याच्या तोंडाशी मात्र जुना सिग्नल त्या ४० मीटरांतच कोसळू शकतो. रिपोर्ट गेलेला दिसतो, आदेश येतच नाही, जुना सिग्नल सावरण्याची वाट पाहणारा टी३१० टायमर संपतो आणि फोन स्वतःच नवा सेल शोधून पुन्हा जोडणी मागतो. नव्या टॉवरकडे आपला संदर्भ, म्हणजे चालू जोडणीची माहिती, पोचलेला नसेल तर तो नकार देतो, आणि कॉल बहुधा गेलाच.

लॉगमध्ये या पुनर्जोडणीच्या विनंतीतले कारण आधी बघा. `otherFailure` आणि सेल वेगळा असेल, तर बहुतेक वेळा हँडओव्हरला उशीर झालेला असतो. `handoverFailure` असेल तर आदेश मिळाला होता, पण हँडओव्हर पुरा करायची टी३०४ ही मुदत संपेपर्यंत नव्या सेलवर पाय रोवता आला नाही.

टाइम-टू-ट्रिगर १०० मिलिसेकंदांवर आणला तर अंतर ८ मीटरांवर येते, पण मग दोन सेलमध्ये पिंगपाँग वाढते. माझ्या मते खरा उपाय रुळांलगतच्या अनेक रेडिओ हेडना एकच पीसीआय, म्हणजे सेलचा ओळखक्रमांक, देण्याचा. हँडओव्हरच कमी होतात. त्याची किंमत डॉप्लरमध्ये, म्हणजे वेगामुळे वारंवारता सरकण्यात, मोजावी लागते: १८०० मेगाहर्ट्झवर साधारण ५०० हर्ट्झ, आणि दोन हेडच्या मध्ये पुढचा धन तर मागचा ऋण, दोन्ही एकदम.

आता रिलीज १६मधला कंडिशनल हँडओव्हर एखाद्या मार्गावर सुरू दिसतो का, ते शोधतोय. त्यात जुना सिग्नल धड असतानाच आदेश अटीसकट फोनच्या हाती पडतो.