अन्वीच्या वाढदिवसाला नाही कळवताना: माझा अनुभव

सई पाचवीत असतानाची गोष्ट. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा होती आणि तिच्या आदल्या रविवारी अन्वीच्या वाढदिवसाची सहल. अन्वी आमच्याच सोसायटीतली, पण तिची शाळा वेगळी. त्या शाळेतून या परीक्षेला कोणी बसत नव्हतं, त्यामुळे तारखा अशा लागून येताहेत हे तिच्या आईच्या लक्षात येण्याचं काही कारण नव्हतं. साताऱ्याहून मेढ्याच्या रस्त्याला एका कृषी पर्यटन केंद्रावर मुलांना न्यायचं, बैलगाडी, पोहणं, जेवण आणि संध्याकाळी परत, असा बेत होता. अन्वीने स्वतः रंगवलेलं कार्ड घरी आणून दिलं.

परीक्षा आठवड्यावर असताना एक दिवस खेळण्यात गेला तर काही बिघडत नाही, असं माझंही मत आहे. सासूबाईही तेच म्हणाल्या. पण त्याच रविवारी शाळेने शेवटची पूर्ण सराव परीक्षा ठेवली होती. सकाळी पहिला पेपर मराठी आणि गणिताचा, मधे जेवणाची सुट्टी, मग दुपारी इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणीचा. प्रत्येकी ७५ प्रश्न, दीड तास, १५० गुण. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. सईला गणित येत होतं, तिची अडचण दुपारच्या पेपरात होती. आधीच्या सरावात बुद्धिमत्तेचा एक अवघड प्रश्न तिने नंतर सोडवू म्हणून वगळला, पण उत्तरपत्रिकेवर त्याची ओळ रिकामी सोडली नाही. तिथून पुढचं प्रत्येक उत्तर एकेक ओळ वर सरकलं. प्रश्नपुस्तिकेत बरोबर उत्तरांवर खुणा होत्या आणि गोल मात्र भलत्याच ओळीत काळे केलेले. बॉलपेनने भरलेला गोल खोडता येत नाही. दर दहा प्रश्नांनी पुस्तिकेतला आणि उत्तरपत्रिकेतला क्रमांक जुळवून बघायचा, अशी सवय सरांनी तिला लावायला घेतली होती. पण घरी तासभर बसून सोडवलेल्या पेपरात ही चूक होतच नाही. ती होते सकाळचा पेपर देऊन, डबा खाऊन, दमून पुन्हा बसल्यावर. म्हणून तो रविवार मला हवा होता.

आधी सईशी बोलले. तिच्याआधी अन्वीच्या आईला, प्राजक्ताताईंना, कळवलं असतं, तर सोसायटीच्या बागेत अन्वीकडूनच तिला समजलं असतं. ती रडली. मी तिला थांबवलं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "अन्वीला कोण सांगणार?" तिच्या आईला मी चिठ्ठी लिहीन आणि अन्वीला तू लिही, असं ठरलं.

निमंत्रणाचा निरोप सोसायटीतल्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही आला होता. तिथे उत्तर द्यायचं मी टाळलं. एकीने परीक्षेचं कारण दिलं की दुसरी देते, तिसरी विचारात पडते, आणि ज्या घरी वाढदिवस आहे त्या घराला सगळ्यांसमोर नकार ऐकावे लागतात. शिवाय कार्ड हाताने लिहिलेलं होतं, तर उत्तरही कागदावरच जावं असं मला वाटलं.

लिहायला बसले तेव्हा हातात पहिलं वाक्य आलं ते "बहुतेक जमणार नाही असं वाटतंय". ते मी लगेच काढलं. आपल्याकडे "बहुतेक" म्हणजे आग्रह करा, येईन, असाच अर्थ घेतला जातो. केंद्रावर मुलांचा आकडा गुरुवारी द्यायचा होता. अशा वाक्यावर प्राजक्ताताईंनी सईचं ताट आणि गाडीतली जागा धरून ठेवली असती. "अभ्यास खूप राहिलाय" हेही नको होतं. त्यात एक न बोललेला टोमणा असतो, की तुमची खेळते आणि माझी अभ्यास करते. "सर सोडत नाहीत" म्हणून शिक्षकांवर ढकलायचं नव्हतं, कारण निर्णय माझा होता. आणि ताप आल्याचं वगैरे कारण एकाच इमारतीत राहणाऱ्यांना देऊ नये. मुलं एकमेकींशी खरं बोलतात आणि त्यांनी तसंच बोलावं.

शेवटी चिठ्ठी अशी झाली:

"प्राजक्ताताई,
अन्वीचं निमंत्रण मिळालं. कार्ड तिने फार सुंदर रंगवलंय. सईला त्या रविवारी पाठवता येणार नाही, तेव्हा तिला मुलांच्या संख्येत धरू नका. त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत शाळेत तिचे शिष्यवृत्तीचे दोन्ही सराव पेपर आहेत, आणि पुढच्या रविवारी परीक्षा. अन्वीसोबत जाता येणार नाही म्हणून सई हिरमुसली आहे, मलाही वाईट वाटतंय. परीक्षा झाल्यावर एखाद्या संध्याकाळी अन्वीला आमच्याकडे जेवायला पाठवाल का? तुमच्या सोयीचा दिवस सांगा. सोबत सईने अन्वीला लिहिलेली चिठ्ठी आहे.
सईची आई"

नकार आणि संख्येचं वाक्य वरती आहे, कारण त्यांच्या कामाचं तेवढंच होतं. कारण एका वाक्यात, दिवस आणि वेळेसकट. परीक्षा किती महत्त्वाची आहे हे लिहिलं नाही, कारण मग वाढदिवस कमी महत्त्वाचा असं वाचलं जातं. चिठ्ठीबरोबर भेटवस्तूही मुद्दाम पाठवली नाही. नकारासोबत आलेली वस्तू भरपाईसारखी वाटते आणि घेणाऱ्याला अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी प्राजक्ताताईंचा फोन आला. "अहो, केक साडेबाराला कापणार आहोत, तेवढ्यापुरती तरी आणून सोडा." आग्रह मनापासूनचा होता, आणि अशा वेळी नवी नवी कारणं जोडत गेलं की पहिलं कारण खोटं वाटायला लागतं. मी तेच परत सांगितलं: साडेबाराला तिचा पहिला पेपर नुकताच संपत असेल आणि दुपारच्या पेपरासाठीच मी तिला बसवतेय. ओळी सरकल्याचा प्रकारही सांगितला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं आधी कळवलंत. त्या जागेवर माझ्या भाचीला नेते." मग त्यांनीच विचारलं, "वाढदिवस खरा शुक्रवारी आहे. संध्याकाळी घरी औक्षण करणार आहोत, त्याला येईल का सई?" हे मला सुचलंच नव्हतं. शुक्रवारी सई भेट घेऊन गेली, औक्षण झालं, शेवयांची खीर खाऊन तासाभराने परत आली.

भाची गेल्याचं तिला लागलं. रविवारी सकाळी गाडी निघताना ती खिडकीत जाऊन उभी राहिली नाही. मीही तो विषय काढला नाही. दुपारच्या पेपरात तिने पुन्हा एक प्रश्न वगळला, पण या वेळी ओळ रिकामी ठेवली आणि समासात पेन्सिलने बारीक खूण करून पुढे गेली. शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा मागे येऊन तो सोडवला.

माझ्या एका मैत्रिणीने नंतर हीच चिठ्ठी मागितली. तिच्या मुलालाही असंच एक निमंत्रण होतं, पण त्याच्या शाळेत त्या दिवशी सराव परीक्षा नव्हती. तिला फक्त परीक्षेआधीचा रविवार घरी शांत जायला हवा होता. कारणाचं वाक्य तसंच उतरवू नकोस, असं मी तिला सांगितलं, नाहीतर दुपारी मुलगा खाली खेळताना दिसला की पंचाईत. तिने लिहिलं, "परीक्षेआधीचा रविवार आम्ही घरीच काढायचं ठरवलंय, म्हणून या वेळी तो येणार नाही." समोरच्या आईने "ठीक आहे, परीक्षेला शुभेच्छा" एवढंच कळवलं आणि आग्रह केला नाही.