आधी भरणाऱ्याचे अकरा लाख, थांबणाऱ्याचे आठ

मार्च २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या कार्यालयात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. जीएसटीच्या अभय योजनेत कर भरायची मुदत ३१ मार्चला संपत होती. जीएसटी कायद्यात कलम १२८अ नव्यानं आलं होतं. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांसाठी कलम ७३ खाली, म्हणजे फसवणुकीचा आरोप नसताना, निघालेल्या मागणीतला मूळ कर पूर्ण भरला की व्याज आणि दंड माफ, असं त्याचं स्वरूप. त्यातल्या एका दिवसानं मला या योजनेकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लावलं.

सकाळी एक कारखानदार आले. त्यांचं प्रकरण मी सुरुवातीपासून पाहत होतो. २०१८-१९ मध्ये एका सुट्या भागावर त्यांनी १२ टक्के कर लावला होता, लागू होता १८ टक्के. वर्षभरात कमी भरलेला कर ८ लाख. जानेवारी २०२४ मध्ये नोटीस आली, एप्रिलमध्ये आदेश निघाला, आम्ही अपील केलं. माणूस लबाड अजिबात नाही. जीएसटीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत दरांचा गोंधळ खराच होता आणि आपला माल १२ टक्क्यांतच बसतो असं त्यांना मनापासून वाटत होतं. योजना आल्यावर हिशेब उघड होता. मूळ कर ८ लाख. सरासरी धरली तर सव्वासहा वर्षांहून थोडं जास्त काळाचं, वर्षाला १८ टक्क्यांनी, व्याज ९ लाख १२ हजार. दंड कराच्या १० टक्के, म्हणजे ८० हजार. अपिलाच्या वेळी भरलेले ८० हजार मूळ करात धरून त्यांनी उरलेली रक्कम त्याच दिवशी भरली. आता अपील मागे घ्यायचं, जूनअखेरपर्यंत माफीसाठीचा एसपीएल-०२ अर्ज करायचा, की जवळजवळ १० लाखांचा बोजा संपणार. ते हलके होऊन गेले, आणि मलाही बरं वाटलं.

दुपारी दुसरे आले. याच धंद्यातले, तोच सुटा भाग, तीच चूक, योगायोगानं रक्कमही जवळपास तेवढीच. फरक एवढाच की २०१८-१९ चं वार्षिक विवरणपत्र भरताना, डिसेंबर २०२० मध्ये, चूक त्यांची त्यांनाच सापडली होती. कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःहून कर भरण्याचा डीआरसी-०३ फॉर्म भरून ८ लाख कर आणि साधारण पंचवीस महिन्यांचं ३ लाख व्याज सरकारला दिलं. नोटीस येण्याआधी भरल्यामुळे दंड लागला नाही, इतकंच.

ते आले होते वेगळ्या कामासाठी. २०१९ मध्ये मोठ्या ग्राहकाकडून पैसे अडकले म्हणून त्यांनी काही महिन्यांची ३बी विवरणपत्रं उशिरा भरली होती. कर बरोबर दाखवला, पूर्ण भरला, फक्त उशीर झाला. त्या उशिराच्या ४६ हजार व्याजाची मागणी आता आली होती. ‘‘साहेब, व्याज माफ होतंय म्हणे. माझंही यात बसेल ना?’’

बसत नव्हतं. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय: विवरणपत्र उशिरा भरल्याचं व्याज हे स्वतः कबूल केलेल्या कराशी जोडलेलं असतं, ते कलम ७३ च्या मागणीतून येत नाही, म्हणून माफी नाही. म्हणजे ज्यानं कर दाखवलाच नाही आणि खात्यानं शोधून काढला, त्याचं व्याज माफ. ज्यानं दाखवला पण उशिरा भरला, त्याचं वसूल.

मग त्यांनी त्या ३ लाखांबद्दल विचारलं. कलमातच तरतूद आहे की आधी भरलेलं व्याज किंवा दंड परत मिळणार नाही. मी ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं. ते रागावले नाहीत. कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी फक्त दोन आकडे लिहिले, ११ आणि ८. सकाळच्या गृहस्थांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नव्हतं. माफी घेणारा किती भरतो, हे त्यांनी स्वतःच मांडलं.

योजनेची सरकारी बाजू मला मान्य आहे. त्या वेळी जीएसटी न्यायाधिकरणाचं काम सुरू झालेलं नव्हतं, दुसरी अपिलं नुसती साचत होती. अशा वेळी वर्षानुवर्षं अडकणारी रक्कम आज तिजोरीत येते आणि खटलाही मिटतो. दंड माफ करण्याला माझी अजिबात हरकत नाही, कारण दंड ही शिक्षा आहे आणि गोंधळाच्या काळात शिक्षा सोडावी. पण व्याज ही शिक्षा नव्हे. सरकारचे पैसे जितके दिवस आपल्याकडे राहिले, त्याचं ते भाडं आहे. ते संपूर्ण सोडलं की सकाळच्या गृहस्थांना सरकारनं सहा वर्षांहून अधिक काळ ८ लाख बिनव्याजी वापरायला दिले असं होतं, आणि दुपारच्यांना तोच पैसा दोन वर्षांसाठी १८ टक्क्यांनी.

योजना वेगळी बांधता येते. १९९७ च्या स्वेच्छा प्रकटीकरण योजनेत व्यक्तींना लपवलेल्या उत्पन्नावर ३० टक्के भरून सुटता आलं, व्याज-दंड काही नाही. म्हणजे सरळ भरणाऱ्याला लागणाऱ्या सर्वोच्च दराएवढंच, तेही उशिरा. २०१६ च्या उत्पन्न प्रकटीकरण योजनेत मात्र कर, अधिभार आणि दंड मिळून ४५ टक्के द्यावे लागले. प्रामाणिक माणसापेक्षा जास्त द्यायचं, पण खटल्यातून सुटायचं, हे तत्त्व तिथे पाळलं गेलं. १२८अ मध्येही निम्मं व्याज ठेवता आलं असतं. किंवा ज्यांनी आधी व्याज भरलं त्यांना ते पुढच्या करात वळतं करून देता आलं असतं. सरकारचं थोडं उत्पन्न कमी झालं असतं, हे खरं. तरी मला दुसरा मार्ग अधिक न्याय्य वाटतो.

वारंवारतेचा प्रश्न आहेच. महाराष्ट्रात विक्रीकर आणि व्हॅटच्या जुन्या थकबाकीसाठी २०१६, २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये तडजोडीचे कायदे आले. त्या काळात ‘पुढच्या योजनेपर्यंत थांबू’ हे वाक्य माझ्या टेबलासमोर बऱ्याच जणांनी उच्चारलं. ते नेहमी थकवणाऱ्यांच्या तोंडी असायचं.

त्या दुपारी ते वेगळ्या माणसाच्या तोंडून आलं. निघताना त्यांनी पिशवीतून आणखी एक तक्ता काढला. २०२१-२२ च्या हिशेबात १ लाख ६० हजारांची तफावत त्यांना नुकतीच सापडली होती. पूर्वी असं काही सापडलं की ते मला फोन करून चलनाची रक्कम विचारायचे. या वेळी विचारलं, ‘‘आत्ता भरू, की नोटीस येईपर्यंत थांबू?’’

मी सांगितलं, भरा. ही योजना २०१९-२० वर संपते, पुढच्या वर्षांसाठी काहीही जाहीर झालेलं नाही. व्याज दरमहा दीड टक्क्यानं वाढतंय. नोटीस येण्याआधी भरलं तर दंड नाही. आणि चूक माहीत असूनही गप्प बसलात तर खातं फसवणुकीसाठीचं कलम ७४ लावू शकतं. मग दंड कराएवढाच होतो. सगळी कारणं खरी होती. ‘‘पण पुढे पुन्हा अशी योजना येणार नाही, असं लिहून द्याल?’’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

४६ हजारांचं चलन त्यांनी त्याच दिवशी भरलं. २०२१-२२ चा तक्ता मात्र परत पिशवीत ठेवला आणि म्हणाले, मुलाशी बोलून सांगतो.