उणे ३४चा ताण

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी सेमिनारसाठी माझ्या वाट्याला वलयताण आला. विषय सोपा वाटला. तीन कार्बनांचं वलय असलेल्या सायक्लोप्रोपेनमध्ये कोन ६० अंशांचा, कार्बनला हवा साधारण १०९.५ अंशांचा, म्हणून बंध ताणलेले आणि रेणू चटकन प्रतिक्रिया देणारा. बायरने १८८५ साली मांडलेलं हे म्हणणं बी.एस्सी.ला पाठ केलं होतंच. सर म्हणाले, "कोन नको सांगूस, आकडे आण. ज्वलनाच्या उष्णतेवरून काढ."

शाखा नसलेल्या साध्या सायक्लोअल्केनमध्ये सगळे CH₂ गटच असतात. म्हणून ताण नसलेला एक CH₂ जळताना किती उष्णता देतो, हे आधी हवं. ते सरळ साखळीवरून मिळतं. वायुरूपात पेंटेन जाळला की मोलमागे ३५३६ किलोज्यूल मिळतात, हेक्झेनला ४१९५. फरक ६५९, आणि तोच वाढलेल्या एका CH₂चा वाटा.

आता सायक्लोप्रोपेन. त्याची ज्वलनउष्णता २०९१, म्हणजे प्रत्येक CH₂मागे ६९७. अपेक्षेपेक्षा ३८ जास्त, तीन गट, एकूण ११४. ही वरची उष्णता म्हणजे रेणूत आधीच साठलेला ताण. सायक्लोपेंटेनला हाच हिशेब जेमतेम २५वर आला. मी खूश.

मग सायक्लोहेक्झेन घेतला आणि गाडी अडली. पुस्तकात ३९२० सापडलं. सहा गटांचे ३९५४ वजा केले तर उत्तर उणे ३४! ताण शून्य असू शकतो, पण साखळीपेक्षाही खाली? गुणाकार तीनदा तपासला. बरोबरच होता. रात्री उशिरा आकड्यासमोरच्या कंसातलं ‘द्रव’ दिसलं. बाकीचे सगळे आकडे मी वायूचे घेतले होते. द्रवाची वाफ करायला मोलमागे ३३ किलोज्यूल लागतात, तेवढी उष्णता द्रव जाळताना कमी मिळते. ती मिळवली की ३९५३, आणि ताण जवळजवळ शून्य. ताण हा दोन मोठ्या आकड्यांमधला छोटा फरक असतो, त्यामुळे अवस्थेची एवढीशी गफलतही सगळं उत्तर उलटं करते. बायरचंही इथेच चुकलं होतं: त्याने वलयं सपाट धरली होती, त्यामुळे सायक्लोहेक्झेनमध्येही त्याला ताण दिसत होता. प्रत्यक्षात हे वलय खुर्चीसारखं वाकून मोकळं होतं.

सेमिनारच्या दिवशी तक्ता फळ्यावर लिहिला. सरांनी फक्त सायक्लोब्युटेनच्या ओळीवर बोट ठेवलं. ज्वलनउष्णता २७४४, गटामागे ६८६, एकूण ताण १०८. "हा ११४च्या इतका जवळ आहे, तर मग याला हायड्रोजन द्यायला निकेलवर २००° सेल्सिअस कशाला लागतात? सायक्लोप्रोपेनचं तर ८०ला भागतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरांनी एक आठवडा दिला.

वाचताना लक्षात आलं की नुसत्या उष्णतेने वलय फोडायचं तर दोघांचे अडथळे जवळपास सारखेच आहेत: सायक्लोप्रोपेनचं प्रोपीन व्हायला सुमारे २७२ किलोज्यूल, सायक्लोब्युटेनचे दोन एथिलीन व्हायला सुमारे २६२. म्हणजे ‘सायक्लोप्रोपेन चटकन तुटतो’ हे सरसकट खरं नाही. आम्ल, ब्रोमीन यांच्यासारख्या इलेक्ट्रॉन शोधत येणाऱ्यांशी तो चटकन जुळतो. ज्वलनउष्णता सांगते की वलय उघडल्यावर किती उतार आहे. वाट कुठून जाते हे त्या आकड्यात नसतं.

ती वाट बंधाच्या आकारात आहे. कार्बनच्या कक्षिकांना ६० अंशांपर्यंत दाबणं परवडत नाही. त्या सुमारे १०४ अंशांचा कोन ठेवतात, पण मग एकमेकींसमोर नीट येत नाहीत. त्रिकोणाच्या कडेबाहेर फुगून, केळ्यासारख्या वाकून भेटतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनांचा ढग दोन अणूंमधल्या सरळ रेषेवर न राहता बाहेर उघडा पडतो, थोडासा दुहेरी बंधासारखा. हायड्रोजन ब्रोमाइडचा प्रोटॉन तिथे येऊन टेकतो, वलय उघडतं आणि १-ब्रोमोप्रोपेन मिळतो. सायक्लोब्युटेनचे बंध फार कमी वाकलेले, ढग आतच झाकलेला, म्हणून उतार तेवढाच असूनही तो असल्या अभिकारकांना सहसा दाद देत नाही.

पुढच्या आठवड्यात हे सांगितलं. सर म्हणाले, "दुहेरी बंधासारखा म्हणतोस, ब्रोमीनचा रंगही सावकाश का होईना घालवतो. मग प्रोपीनपासून वेगळा कसा ओळखशील?"

या वेळी उत्तर तयार होतं. थंड, विरल पोटॅशियम परमँगनेट घ्यायचं. प्रोपीन असेल तर जांभळा रंग जाऊन तपकिरी साका बसतो. सायक्लोप्रोपेनमध्ये रंग तसाच राहतो.