एकाच स्ट्रिपमधल्या दहा गोळ्या

जुलैमधली ती पहाट होती. सव्वाचारच्या सुमारास कॅज्युअल्टीतून फोन आला आणि निवासी डॉक्टरने थोडक्यात सांगितले की अडतीस वर्षांचा एक पुरुष बेशुद्धावस्थेत आणला आहे, आदल्या दिवशी तो जिन्यावरून पडला होता, त्यामुळे मेंदूत रक्तस्राव असावा असा संशय आहे आणि सीटी स्कॅनसाठी नेण्याची तयारी चालू आहे. मी खाली पोहोचलो तेव्हा रुग्णाचा श्वास मिनिटाला सहा वेळा चालत होता, रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ८२ टक्के होते आणि रक्तशर्करा ठीक होती. मी पापण्या उघडून पाहिल्या, तर दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या आकसलेल्या होत्या. मंदावलेला श्वास, गुंगी आणि अशा बाहुल्या हे त्रिकूट एकत्र दिसले की डोक्याच्या दुखापतीआधी अफूच्या कुळातील औषधांचा विचार करायचा असतो. सीटी स्कॅन थांबू शकत होता, श्वास थांबून चालणार नव्हते.

मास्क आणि पिशवीने श्वास देणे चालू ठेवून आम्ही अफूच्या कुळातील औषधांवर उतारा असलेल्या नॅलोक्सोनची ०.४ मिलिग्रॅमची एक अँप्यूल दहा मिलिलिटरपर्यंत पातळ केली आणि दर दोन-तीन मिनिटांनी एकेक मिलिलिटर शिरेतून दिले. सगळे एकदम दिले तर रुग्ण खडबडून जागा होतो, वेदना उसळतात आणि रक्तदाब चढतो, म्हणून हा सबुरीचा मार्ग. पाचव्या मात्रेनंतर, म्हणजे एकूण ०.२ मिलिग्रॅम गेल्यावर, त्याचा श्वास मिनिटाला बारावर आला आणि डोळे उघडताच तो बरगडी धरून कण्हू लागला.

निवासी डॉक्टरचा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता, पण त्याचा सूर मला आवडला नाही. "किती गोळ्या घेतल्या? खरं सांगा." रुग्णाची थोरली बहीण बाजूला उभी होती. तिने पर्समधून एक रिकामी स्ट्रिप काढली आणि म्हणाली, "डॉक्टर, ह्या माझ्या गोळ्या. दाढ काढली तेव्हा डेंटिस्टनी दिल्या होत्या. दहातल्या चार मी घेतल्या, काही उपयोग झाला नाही म्हणून ठेवून दिल्या. सहा ह्याने घेतल्या. दुपारी दोनला दोन, रात्री आठला दोन, आणि दुखणं थांबेना म्हणून एकला दोन." प्रत्येक गोळीत पॅरासिटामॉलबरोबर ३० मिलिग्रॅम कोडीन होते. अकरा तासांत १८० मिलिग्रॅम. प्रौढांसाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा २४० मिलिग्रॅम मानली जाते, म्हणजे गोळ्या दुसऱ्याच्या असल्या तरी मात्रा पुस्तकी हिशेबात बसत होती. आमच्या निवासी डॉक्टरला हे पटेना. मला पटले, कारण त्याच वाक्यात बहिणीने आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि ती मला त्याच्या सहा गोळ्यांइतकीच महत्त्वाची वाटली: तिला चार गोळ्यांनी काहीही आराम पडला नव्हता.

कोडीन हे स्वतः फारसे वेदनाशामक नाही. त्याचा बराचसा भाग यकृतात निष्क्रिय किंवा जवळजवळ निष्क्रिय पदार्थांत बदलून लघवीवाटे निघून जातो, आणि साधारण पाच ते दहा टक्के भाग सीवायपी २डी६ नावाच्या एन्झाइमच्या, म्हणजे विकराच्या, हातून मॉर्फिनमध्ये बदलतो. वेदना कमी करणारे आणि श्वास मंदावणारे ते हे मॉर्फिन. म्हणजे कोडीनची गोळी लिहून देणारा डॉक्टर खरे तर मॉर्फिनच लिहून देत असतो. फक्त त्याची मात्रा डॉक्टर ठरवत नाही, रुग्णाचे यकृत ठरवते. ज्याच्याकडे हा एन्झाइम नाही त्याला कोडीन आणि साखरेची गोळी यांत वेदनेपुरता फारसा फरक जाणवत नाही. ज्याच्याकडे तो जास्त आहे त्याच्या शरीरात अपेक्षेपेक्षा अधिक मॉर्फिन तयार होते, आणि तेही लवकर.

माणसामाणसांतला हा फरक उजेडात आला तो मात्र रक्तदाबाच्या औषधामुळे. १९७५ मध्ये लंडनमधील रॉबर्ट स्मिथ यांनी संशोधनासाठी इतर स्वयंसेवकांबरोबर स्वतःही डेब्रिसोक्विनची गोळी घेतली. इतरांना काही विशेष झाले नाही आणि त्यांचा स्वतःचा रक्तदाब मात्र इतका कोसळला की त्यांना उभे राहता येईना. पुढे १९७७ मध्ये हा दोष आनुवंशिक असल्याचे प्रसिद्ध झाले. तो हाच एन्झाइम.

चाळीस मिनिटांनी रुग्ण पुन्हा पेंगू लागला. नॅलोक्सोनचा प्रभाव साधारण तासाभरात ओसरतो, मॉर्फिनचा त्याहून जास्त वेळ टिकतो. जागा झाला म्हणून घरी पाठवलेल्या अशा रुग्णाचा श्वास घरी पुन्हा मंदावू शकतो. पहिल्यांदा जी मात्रा लागू पडली तिच्या दोन तृतीयांश मात्रा दर तासाला सलाइनमधून द्यावी असा सर्वसाधारण नियम आहे, त्यानुसार आम्ही तासाला ०.१३ मिलिग्रॅमच्या आसपास चालू ठेवले. सकाळी सीटी स्कॅनही काढला. मेंदूत काही नव्हते.

दुपारी वॉर्डात मी बहिणीशी निवांत बोललो. दाढ काढल्यानंतर त्या गोळ्यांनी तिला मळमळ आणि चक्कर आली होती, दुखणे मात्र तसेच राहिले. डेंटिस्टने औषध बदलून ट्रॅमाडॉल दिले, त्यानेही फरक पडला नाही, आणि तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा "थोडं सोसावं लागतं हो" असे ऐकून परत आली. यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. हा एन्झाइम नसणाऱ्यांना आराम मिळत नाही, पण कोडीनचे दुष्परिणाम इतरांइतकेच होऊ शकतात. आणि ट्रॅमाडॉललाही आपले मुख्य वेदनाशामक रूप धारण करण्यासाठी हाच एन्झाइम लागतो, त्यामुळे एकाच्या जागी दुसरे देणे म्हणजे बंद दारावर पुन्हा थाप मारणे. नैराश्यासाठी काही गोळ्या चालू आहेत का, हेही मी तिला विचारले. पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन चालू असेल तर ती औषधे हा एन्झाइम अडवतात आणि जनुके उत्तम असलेला माणूसही एन्झाइम नसल्यासारखा वागतो. तसे काही नव्हते.

एकाच आईबापांची दोन मुले अशी दोन टोकांना कशी, हे मला कागदावर पाहायचे होते. भावाबहिणीचे आणि आईवडिलांचे रक्त आम्ही संमतीने तपासणीला पाठवले. वडील सत्तरीचे, गिरणीत आयुष्य गेलेले, म्हणाले, "आता ह्या वयात माझ्या जनुकांचं काय करायचंय?" मग बहिणीने समजावल्यावर हात पुढे केला.

दहा दिवसांनी अहवाल आले. बावीसाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकाची एकेक प्रत सामान्यतः आईकडून आणि वडिलांकडून येते. बहिणीच्या दोन्ही प्रती स्टार ४ प्रकारच्या होत्या. या प्रकारात एकच अक्षर बदललेले असते, पण ते नेमके जनुकाच्या संदेशाची कापणी-जोडणी होते त्या जागी, त्यामुळे कामाचा एन्झाइम बनतच नाही. भावाकडे दोनऐवजी तीन प्रती होत्या आणि तिन्ही उत्तम चालणाऱ्या. आईकडे एक चालणारी, एक बंद. इथपर्यंत सरळ होते.

वडिलांचा अहवाल मात्र अडवून धरणारा निघाला. त्यांच्याकडेही तीन प्रती होत्या, त्यांत चालणारा आणि बंद असे दोन्ही प्रकार होते, पण दुप्पट झालेली प्रत कोणती हे नेहमीच्या चाचणीतून कळत नव्हते. बंद प्रत दुप्पट असेल तर त्यांच्याकडे चालणारी प्रत एकच. चालणारी दुप्पट असेल तर दोन, म्हणजे त्यांचा एन्झाइम अगदी सर्वसामान्य. प्रयोगशाळेने दोन्ही शक्यता लिहून दिल्या होत्या. उत्तर मुलाच्या अहवालात होते. त्याच्या तीन चालणाऱ्या प्रतींपैकी आईकडून एकच येऊ शकत होती, म्हणजे उरलेल्या दोन वडिलांकडून, एकाच गुणसूत्रावर जोडीने आल्या होत्या. वडिलांच्या एका गुणसूत्रावर चालणाऱ्या दोन आणि दुसऱ्यावर बंद एक. ज्या वडिलांना कोडीन बहुधा पुस्तकाप्रमाणेच लागू पडले असते, त्यांच्या एका मुलाला त्यांची जोडप्रत मिळाली आणि मुलीला त्यांचा बंद वाटा. अशा आईवडिलांच्या पोटी दर वेळी यांपैकी प्रत्येक शक्यता चारांत एक असते.

निवासी डॉक्टरला वाटले, कोडे सुटले. मी त्याला थोडे थांबवले. तीस मिलिग्रॅम कोडीनची एकच मात्रा देऊन केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एन्झाइम नसलेल्यांच्या रक्तात सर्वसामान्यांच्या सुमारे विसाव्या हिश्शाएवढेच मॉर्फिन आढळले होते, तर जास्त प्रती असलेल्यांत ते सरासरीने दीडपट होते. बहिणीचा अनुभव जनुकांनी पुरता उलगडतो. भावाचा तसा उलगडत नाही, कारण दीडपट मॉर्फिनने धडधाकट माणसाचा श्वास सहसा मिनिटाला सहावर येत नाही. जिनिव्हातील २००४ च्या गाजलेल्या प्रकरणातही, खोकल्यासाठी दिवसाला केवळ ७५ मिलिग्रॅम कोडीन घेणारा रुग्ण चौथ्या दिवशी बेशुद्ध झाला, तेव्हा जास्तीच्या जनुकप्रतींबरोबर कोडीनची दुसरी वाट अडवणारी औषधे चालू होती आणि मूत्रपिंडेही थकली होती. आमच्या रुग्णाची मूत्रपिंडे ठीक होती. मग दुसरा धागा कोणता?

तो बहिणीनेच दिला. ती रात्री का उठली, असे विचारल्यावर म्हणाली, "ह्याचं घोरणं बंद झालं म्हणून. आमच्या खोलीत ह्याच्या घोरण्याची इतकी सवय आहे, की ते थांबलं तर जाग येते." वजन शंभराच्या वर, आखूड मान, दिवसा ऑफिसात डुलकी; पुढे झोपेची तपासणी केली तेव्हा त्याला झोपेत श्वास अडण्याचा विकार असल्याचे स्पष्ट झाले. असा माणूस रात्रभर गुदमरून जागा होतो आणि त्यामुळेच तगतो. मॉर्फिन ती जागच बोथट करते. बरगडीच्या दुखण्याने तो आधीच उथळ श्वास घेत होता. एरवी खपून गेले असते असे दीडपट त्या रात्री खपले नाही.

बहिणीच्या मुलाचे टॉन्सिलचे ऑपरेशन ठरत होते आणि त्याचीही तपासणी करावी का, असे तिने विचारले. टॉन्सिल मोठे झालेल्या, घोरणाऱ्या मुलांत हीच दोन कारणे एकत्र येऊन मृत्यू झालेले आहेत. त्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये टॉन्सिल काढल्यानंतर मुलांना कोडीन देऊ नये असा इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी ते वर्ज्य ठरवले. मी तिला सांगितले की त्याच्या जनुकांत काहीही असो, त्याला कोडीन द्यायचेच नाही, म्हणून या ऑपरेशनसाठी तपासणीची गरज नाही.

भावाच्या आणि बहिणीच्या कागदांवर मी एकच ओळ लिहिली, कोडीन आणि ट्रॅमाडॉल देऊ नये, पण कारणे दोन वेगळी. बहिणीच्या कागदावर आणखी एक वाक्य जोडले, की मॉर्फिन नेहमीच्या मात्रेत चालेल, कारण ते आधीच तयार असते आणि या एन्झाइमची वाट पाहत नाही. पुढच्या हिवाळ्यात तिच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा भूलतज्ज्ञ बाईंनी तो कागद वाचून मला फोन केला आणि मॉर्फिनच दिले. संध्याकाळी मी वॉर्डात गेलो तर ती झोपली होती. तिची आई बाजूला बसून मोबाइलवर घड्याळ लावून तिचे श्वास मोजत होती आणि मला पाहताच बोटांनी चौदा असे दाखवून पुन्हा मोजू लागली.