वापरलेली रिबिन

आजीने पिशवीतून बँकेचं पासबुक काढलं, त्यातून प्लास्टिकचं पाऊच काढलं आणि काउंटरवर ठेवलं. पाऊचच्या आत सहा बाय चारचा फोटो होता, म्हणजे कधीकाळी होता. रंग प्लास्टिकमध्ये उतरला होता. आजोबांच्या गालावरून निळसर-जांभळा ओघळ खाली आला होता आणि फोटो बाहेर काढायला गेलो तर तो सुटेना.

"बाबू, जत्रेत तू काढलेलो फोटो. बघ काय झाला ता. दुसरो काढून दी."

आजोबा जूनमध्ये गेले. नातवाबरोबरचा हा एकच फोटो होता. "आधारकार्डावर म्हातारो चोरासारखो दिसता. तो भिंतीर लावू काय?" असं त्या म्हणाल्या. मला हसू आलं आणि लगेच पोटात गोळाही आला, कारण ते पाऊच मी ओळखलं. फेब्रुवारीत आंगणेवाडीच्या जत्रेत प्रत्येक फोटोबरोबर दहा रुपये जास्त घेऊन मीच ते विकत होतो.

आमचा स्टुडिओ मालवण तालुक्यात आहे. जत्रेत आम्ही दरवर्षी छोटा डाय-सब्लिमेशन प्रिंटर घेऊन बसतो. कॅननचा, त्याचं नाव सेल्फी, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं की आपण स्वतःच फोटो काढायचा आहे. डब्याएवढं यंत्र, बॅटरीवर पन्नासेक प्रिंट देतं आणि पाऊण मिनिटात कोरडा फोटो हातात येतो. कोरडा हा शब्द कोकणाबाहेरच्या माणसाला कळायचा नाही. आमच्याकडे दुकानात शाईचा प्रिंटरही आहे आणि त्याचा प्रिंट स्वस्त पडतो. पण चार दिवस बंद राहिला की हेड चोंदतं, आणि पावसाळ्यात फोटो काढून दिला की गिऱ्हाईक दाराबाहेर पडेपर्यंत त्यावर अंगठ्याचा ठसा. शाळेच्या दाखल्याला आठ पासपोर्ट फोटो हवे असतात, बाहेर रिक्षा थांबलेली असते, तेव्हा सुकवत कोण बसणार? म्हणून पासपोर्टसाठीही हाच छोटा. एका कागदावर आठ बसतात.

यात शाई नसते. सेटमध्ये कागद आणि रिबिन मोजून येतात, १०८ कागदांबरोबर तीन रिबिनी, एकीत ३६ फोटो. रिबिनीवर कागदाएवढेच चार पट्टे ओळीने असतात: पिवळा, गुलाबीसर मॅजेंटा, आकाशी सायन आणि शेवटी पारदर्शक. कागद यंत्रातून चार वेळा आतबाहेर होतो. हेडमधली बारीक तापणारी टोकं रिबिनीला मागून उष्णता देतात. जिथे जास्त उष्णता तिथे रंग जास्त उडून कागदाच्या लेपात मुरतो. ठिपके नाहीत, शाई पसरणं नाही. शेवटच्या फेरीत पारदर्शक थर बसतो, म्हणून पाण्याचा थेंब पडला तरी पुसता येतो.

पहिल्या फेरीनंतर कागद नुसता पिवळा होऊन बाहेर येतो आणि जत्रेतला प्रत्येक माणूस तो ओढायला हात घालतो. ओढला की कागद अडकतो, फोटो गेला आणि रिबिनीचे चार पट्टेही गेले. आमच्या पोराला मी एकच काम दिलं होतं, गिऱ्हाइकाचे हात धरायचे. दुसरा त्रास धुळीचा. तांबड्या मातीचा एक कण रिबिनीखाली सापडला की गालावर पांढरा ठिपका उठतो. आणि यंत्राच्या मागे वीतभर जागा सोडावीच लागते, कारण कागद मागेही बाहेर डोकावतो. गेल्या वर्षी मंडपाच्या कापडाला टेकून दोन कागद वाकडे झाले होते. हे सगळं मला पाठ आहे. पाऊचचं मात्र ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून विसरलो. अशा फोटोला मऊ प्लास्टिक चिकटून ठेवू नये, हे सूचनापत्रकातच असतं. वरचा थर पाणी अडवतो, पण त्या प्लास्टिकातला मऊपणा आणणारा पदार्थ रंगाला आपल्याकडे ओढून घेतो. त्यात आजीचं पासबुक एप्रिल-मे दोन महिने पत्र्याखालच्या फळीवर होतं.

जत्रेतले फोटो आम्ही ठेवत नाही. दिवसाला शंभरावर चेहरे, रात्री कार्ड पुसायचं, सकाळी पुन्हा बसायचं. ते आजींना सांगायला तोंड उघडलं आणि मला माळ्यावरचं खोकं आठवलं.

हा स्टुडिओ काकांचा. ते फिल्मच्या काळातले. फसलेली निगेटिव्हसुद्धा ते कात्रीने चिरून टाकत, लोकांच्या बायकामुलांचे चेहरे उकिरड्यावर जायचे नाहीत म्हणून. हा प्रिंटर आणला तेव्हा त्यांनी संपलेली रिबिन उजेडात धरली आणि म्हणाले, "ही पण निगेटिव्हच आहे. कापून टाकत जा." खरंच आहे. पट्ट्यावरचा जो रंग फोटोत गेला, तो रिबिनीवरून कमी झाला, म्हणजे फोटोत जिथे गडद तिथे रिबिन उजळ. एक पट्टा एकदाच वापरला जातो, त्यावर दुसरा फोटो कधी छापला जात नाही. प्रत्येक फोटो तीन तुकड्यांत रिबिनीवर राहतो. मी काकांना हो म्हणालो आणि रिबिनी खोक्यात टाकत गेलो. कापायचं राहून गेलं. काटेकोरपणा वगैरे काही नाही, निव्वळ आळस.

आजींना "दोन दिवसांनी या" म्हणालो. आशा लावली नाही.

जत्रेच्या नऊ रिबिनी होत्या. एक रिबिन उलगडली की वीसेक मीटर होते, पंख्याच्या वाऱ्याने अंगाला चिकटते. दुकान बंद करून, पंखा बंद करून, घामाघूम होत मी एकेक रिबिन उजेडाच्या पेटीवरून सरकवली. पिवळ्या पट्ट्यावर डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही, म्हणून मॅजेंटाच बघत गेलो. सगळं उलटं दिसतं. काळे केस उजळ, पांढरी टोपी गडद. आजी म्हणाल्या होत्या की दर्शन करून परत येताना दिवे लागले होते आणि नातवाच्या हातात फुगा होता. आठव्या रिबिनीत गडद टोपी आणि तिच्या खांद्याशी एक गोल सापडला. रात्रीचा एक वाजला होता.

ते तीन पट्टे कापले, मऊ ब्रशने धूळ काढली, स्कॅनरच्या काचेवर पांढऱ्या कागदाखाली सपाट बसवून एकेक स्कॅन केले. स्कॅन लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनेलमध्ये वेगळा करता येतो आणि प्रत्येक पट्टा आपल्या विरुद्ध रंगाच्या चॅनेलमध्ये नीट दिसतो, म्हणजे सायनचा स्कॅन लाल चॅनेलमध्ये, मॅजेंटाचा हिरव्यात, पिवळ्याचा निळ्यात. ते तीन चॅनेल घेतले, उलटे केले, एकावर एक ठेवले आणि कोपरे जुळेपर्यंत सरकवत राहिलो. पहिल्यांदा नातवाच्या शर्टावरची अक्षरं आरशातल्यासारखी आली, तेव्हा चित्र पालटलं.

चेहरे आले, पण रंग भलतेच. दोघेही कावीळ झाल्यासारखे. रिबिनीवर उरलेला रंग आणि कागदावर गेलेला रंग यांचं गणित सरळ नाही, आणि डोळ्याने ओढत बसलो असतो तर आजोबांना मी माझ्या मनातला रंग दिला असता. त्याच रिबिनीचा पहिला फोटो मात्र आमच्या पोराचा होता. रिबिन बदलली की मी एक टेस्ट प्रिंट काढतो आणि तो प्रिंट अजून काउंटरच्या काचेखाली होता. (काच बरं, प्लास्टिक नव्हे.) त्याचेही तीन पट्टे तसेच स्कॅन केले, आणि जुळवलेलं चित्र त्या खऱ्या प्रिंटसारखं दिसेपर्यंत कर्व्ह, म्हणजे प्रत्येक रंग कमी-जास्त करायच्या रेषा, ओढले. तेच कर्व्ह आजोबांवर लावले. टोपी पांढरी झाली, फुगा लाल झाला. उन्हाने रापलेला त्यांचा चेहरा आला. गडद भागात रिबिनीला बारीक सुरकुत्या पडलेल्या असतात, त्यांच्या तिरप्या रेषा केसांत राहिल्या. त्या मी पुसल्या नाहीत, पुसताना कानाची कडाही जात होती.

आजींना सहा बाय चारचाच दिला. मोठा करून मागत होत्या, पण आठ बाय दहाला रेषा उघड्या पडतात, ते दाखवलं तेव्हा पटलं. फोटो हातात घेऊन त्या बराच वेळ चेहऱ्याकडे नाही, खालीच बघत होत्या. मग म्हणाल्या, "ह्यांचो हात बघ. पोराच्या खांद्यार कसो ठेवल्यानी." मला तो हात दिसलाही नव्हता. पैसे घेतले नाहीत. पाऊच माझंच होतं, त्यानेच फोटो खाल्ला, हे मात्र सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं. त्या मला दोन वेळा आशीर्वाद देऊन गेल्या आणि तो आशीर्वाद मला अजून टोचतो.

इथे हे संपलं असतं. पण आजींनी वाडीभर सांगितलं.

चौथ्या दिवशी एक माणूस आला. ओळखीचा, सभ्य, कधी उधारी ठेवत नाही. खुर्चीवर बसून आधी पावसाचं बोलला, मग विचारलं, "रिबिनीत सगळ्यांचे फोटो ऱ्हवतत म्हणे?" त्याची बहीण जत्रेला मैत्रिणींबरोबर गेली होती, असं ती म्हणते. कुणीतरी तिला माझ्या मंडपात एका मुलाबरोबर बघितलं होतं. त्याला फक्त खात्री करायची होती. पैसे देतो म्हणाला.

आजोबांना शोधताना आठ रिबिनी माझ्या डोळ्यांखालून गेल्या होत्या. जोड्या कितीतरी होत्या. त्यातली त्याची बहीण कोण, मला खरंच माहीत नाही, पण मॅजेंटाच्या पट्ट्यावरही माणूस ओळखू येतो, हे मला आता माहीत होतं. "त्या एकाच फोटोपुरती होती, बाकीच्या कधीच टाकल्या" असं मी सांगितलं. त्याने माळ्याकडे बघितलं. खोकं तिथून दिसत होतं.

त्या रात्री काकांची जुनी कात्री काढली. रिबिन चिरायला चांगली नाही, फिल्म सटकते आणि पात्यात गुंडाळते. पोर आणि मी आळीपाळीने बसलो, एकाने ताणून धरायची, दुसऱ्याने चेहऱ्यांच्या मधून कापायची. पेटीचा दिवा मी मुद्दाम लावला नव्हता. नऊ रिबिनींना अडीच तास लागले. उरलेली पाऊचं त्याच पोत्यात टाकली, शंभरावर होती. पोराने विचारलं, "ती कशाला? विकत घेतलेली आहेत ना?"

उद्या सांगतो म्हणालो. अजून त्याला सांगितलेलं नाही.