कुणाची मूठ?

अण्णांना साखर निघाली तेव्हा आहारतज्ज्ञांनी सांगितलं, "दुपारी मुठीएवढा भात." घरी काटा होता म्हणून निभावलं. पण मे महिन्यात आम्ही कोकणात मावशीकडे गेलो आणि काटा पुण्यातच राहिला. मावशीला म्हटलं, मूठभर भात वाढ. तिने खरोखरच मुठीत भात घेतला, दाबला आणि पानात ठेवला. अण्णा त्या गोळ्याकडे पाहत म्हणाले, "हा माझ्यासाठी की कावळ्यासाठी?"

चूक मावशीची नव्हती. आपली मूठभर म्हणजे मुठीच्या आत मावेल तेवढं. आहारतज्ज्ञांची मूठ बाहेरून मोजायची. दोन्हींत कितीतरी पटींचा फरक. गंमत अशी की मावशी तांदूळ धुवायला घेते ते माणशी एक मूठ, आतल्या मापाने. साधारण 35 ग्रॅम. शिजून त्याचा 100 ग्रॅमच्या आसपास भात होतो, म्हणजे बाहेरच्या मुठीपेक्षा बराच कमी. तेव्हा कच्चं असेल तर आतली मूठ, शिजलेलं असेल तर बाहेरची, एवढं ठरवलं आणि पानावरची कुरबुर थांबली.

पशाचं मात्र जमता जमेना. एका हाताचा खोलगट पसा पोह्यांनी भरला तर वजन काहीच नाही, तोच शेंगदाण्यांनी भरला तर निम्म्या जेवणाचा ऐवज. शिवाय बोटं किती मिटायची आणि शीग किती ठेवायची, हे भुकेवर ठरतं. अण्णांचा पसा संध्याकाळी चारच्या सुमारास हमखास खोल होई. शेवटी शेंगदाणे मुठीत, बोटं पूर्ण मिटून, असा नियम केला; मिटलेल्या मुठीला शीग लावता येत नाही.

सुरमईच्या तुकडीला तळहात. बोटं सोडून, आणि जाडीही तळहाताचीच. जाडी विसरली की दीडपट मासा पोटात जातो आणि माप बरोबर होतं म्हणून वर समाधान.

एका दुपारी अण्णांनी शंका काढली: मूठ कुणाची? मावशीने पातेलं परातीत ठेवलं, काठोकाठ पाण्याने भरलं. मी मनगटापर्यंत मूठ बुडवली. परातीत सांडलेलं पाणी औषधाच्या मापाने मोजायला वेळ लागला, पण 280 मिलीच्या आसपास भरलं. अण्णांचं 380. म्हणजे इतके दिवस मी माझ्या मुठीने वाढत होते आणि ते अर्धपोटी उठत होते. माप ज्याचं त्याच्या हाताचं, कारण मोठ्या हाताचा माणूस बहुतेक वेळा मोठ्या अंगाचाच असतो. बहुतेक वेळा. शेजारचे काका किडकिडीत, पण पंजा नांगराच्या फाळाएवढा. त्यांना हे माप देऊन चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा पानावर बसले ते मूठ पुढे करूनच. मावशीने ती निरखली आणि म्हणाली, "भावजी, अंगठा आत घ्या आधी."