आमची वाटचाल : तीन डॉक, दोन टोळ्या

भिवंडीत मानकोलीच्या बाजूला आमचं गोदाम आहे. घरगुती वापराच्या वस्तू बनवणाऱ्या काही कंपन्यांचा माल आम्ही उतरवून घेतो, रचून ठेवतो आणि मागणीप्रमाणे पाठवतो. सुरुवातीला छोट्या गाड्या यायच्या, त्यामुळे गाडी लावून माल उतरवायला तीन डॉक पुरत होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. कंपन्यांनी राज्याराज्यांतले छोटे डेपो कमी करून माल मोठ्या गोदामांत आणायला सुरुवात केली आणि आमच्या दारात बत्तीस फुटी गाड्या उभ्या राहू लागल्या. डॉक मात्र तीनच राहिले, कारण इमारत भाड्याची आहे आणि भिंत फोडायला मालकाची परवानगी नाही.

माल उतरवायला आमच्याकडे आठ जणांची टोळी आहे. ही माणसं १९६९ च्या कायद्याप्रमाणे माथाडी मंडळाकडे नोंदलेली आहेत, त्यामुळे गर्दीच्या दिवशी नाक्यावरून चार माणसं उचलून आणायची असं आम्ही करत नाही. गाड्या दहा असोत की पाच, हिशेब याच आठ जणांवर बसवायचा.

सकाळी आठला तीन गाड्या आल्या की तिन्ही डॉकला लावायच्या आणि माणसं तीन, तीन, दोन अशी वाटायची, ही सगळीकडे चालणारी पद्धत. कोणताच ड्रायव्हर ओरडत नाही म्हणून ती बरी वाटते. पण सुट्या बॉक्सची गाडी दोघांना झेपत नाही. आत दोन जणांनी बॉक्स काढून द्यायचे आणि बाहेर दोघांनी आयटमप्रमाणे पॅलेटवर रचायचे, अशी चौघांची साखळी लागते. सहा जण लावले तर दारात गर्दी होते आणि वेग फारसा वाढत नाही. साधारण नऊशे बॉक्सची गाडी चौघं अडीच तासांत रिकामी करतात. तिन्ही गाड्या एकदम घेतल्या तर तिन्ही पावणेबाराच्या आसपास एकदमच संपतात. मग एकच फोर्कलिफ्ट तिन्हीकडे हवी असते, पुढच्या तिन्ही गाड्या एकदम लागतात, आणि गाडी मागे घेणं, सील तपासणं, बिल्टी आणि इनव्हॉइस जुळवणं यात अर्धा तास जातो. तेवढा वेळ आठही माणसं बसून. टोळीची मजुरी नगावर असल्यामुळे हा अर्धा तास त्यांच्या खिशातून जातो.

आमचे मुकादम एकदा सरळ म्हणाले, "शेठ, तिन्ही गाड्यांना हात लावू नका. दोन पुऱ्या करू, तोवर तिसरीचे कागद करून ठेवा."

आज आमचं सगळं वेळापत्रक या एका वाक्यावर उभं आहे. आठ जणांच्या चार-चारच्या दोन टोळ्या करून त्या दोन डॉकवर काम करतात. तिसऱ्या डॉकवरची गाडी फक्त तयार होते: सील नंबर जुळवून झालेला, दार उघडलेलं, समोर रिकामी पॅलेट मांडलेली. साडेदहाला पहिली गाडी संपली की तिचे चौघं लगेच तिसऱ्या गाडीत शिरतात, आणि रिकाम्या डॉकवर पुढची गाडी तयारीला लागते. आठला आलेल्या तिसऱ्या गाडीला सुटायला एक वाजतो, हे खरं. म्हणून तिला आठची वेळ द्यायचीच नाही. तिला दहाला बोलावायचं.

वेळ मात्र सगळ्यांना एकाच मापाने देता येत नाही. तळोज्याहून येणारी गाडी तासाचा शब्द पाळू शकते. हिमाचलमधल्या बद्दीहून निघालेल्या गाडीला आम्ही "दुपारच्या आत" एवढंच सांगतो, त्यातच शहाणपण आहे. उशीर झालेली गाडी पुढच्या मोकळ्या जागेत जाते, वेळेवर आलेल्याला मागे सारत नाही. न्हावाशेवाचा कंटेनर सकाळीच घ्यायचा. एकतर रिकामा कंटेनर मुदतीत परत करावा लागतो, आणि मे महिन्याच्या दुपारी त्या पत्र्याच्या पेटीत माणसाला उभं करणं मला मान्य नाही. एकच्या जेवणाच्या सुट्टीच्या अगदी तोंडावर सुट्या बॉक्सची नवी गाडी सुरू करत नाही. तेव्हा पॅलेटवरच्या मालाची गाडी लावतो. ती फोर्कलिफ्टवाला आणि एक मदतनीस पाऊण तासात उरकतात आणि नंतर जेवतात.

हे नीट चाललंय का, ते गेटवरच्या रजिस्टरवरून कळतं. प्रत्येक गाडीच्या पाच वेळा लिहितो: गेटवर आली, डॉकला लागली, पहिला बॉक्स, शेवटचा बॉक्स, गेटबाहेर. पहिल्या आणि शेवटच्या बॉक्समधला वेळ वाढला तरच टोळीशी बोलायचं. शेवटच्या बॉक्सनंतर गाडी डॉकवर रेंगाळत असेल, तर बहुतेक वेळा पोच देणारा क्लार्क अडकलेला असतो किंवा डॉकसमोरची जमीन मालाने भरलेली असते, रॅकवर न्यायला फोर्कलिफ्ट मोकळी नसते. टोळीला घाई करून यातलं काहीही सुटत नाही.

महिनाअखेर अजून जड जाते. कंपन्या विक्रीचे आकडे गाठायला शेवटच्या तीन-चार दिवसांत माल ढकलतात. या दोन टोळ्या दिवसभरात सुट्या बॉक्सच्या सहा गाड्या करतात, त्याहून जास्त नाही. म्हणून पंचवीस तारखेलाच प्रत्येक ग्राहकाला त्याच्या वाट्याच्या वेळा लेखी कळवतो. सातवी गाडी पाठवायची असेल तर ती पॅलेटवर पाठवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, असं त्यातच स्पष्ट लिहिलेलं असतं.